नृसिंहावतार आणि रिव्हर्स गिअर

माणसाला त्याच्या पोटाच्या घेरावरून बोला, पगारावरून बोला, पोराच्या मार्कांवरून बोला; तो एक वेळ ऐकून घेईल. गाडी चालवण्यावरून बोललात की संपलं. "तुला गाडी नीट चालवता येत नाही" असं सरळ तोंडावर सांगून मैत्री टिकवलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

याला आधारही आहे. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं होतं, की सोबतच्या इतर जणांच्या मानाने तुम्ही किती कुशल चालक आहात? अमेरिकेतल्या गटात ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं, स्वीडनच्या गटात ६९ टक्क्यांनी. निम्म्यात निम्मेच मावतात, हे त्या सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असणार. हाच प्रश्न पुण्यात टिळक रोडच्या सिग्नलला उभं राहून विचारला तर काय उत्तर येईल ते मी सांगायला नको.

व्याख्यान फसतं ते इथेच. स्वतःला उत्तम चालक समजणाऱ्या माणसाला रहदारीच्या शिस्तीवर चार शब्द ऐकवले, की ते त्याला दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेलं पत्र चुकून आपल्या घरी आल्यासारखं वाटतं. तो मान डोलावतो, "लोकांना अक्कलच नाही" म्हणतो आणि आपली गाडी हॉस्पिटलच्या गेटसमोर लावून औषधं आणायला जातो.

आमच्या कंपूत असा एक मित्र आहे. त्याला इथे बापू म्हणू. माणूस सोन्यासारखा, अडल्यानडल्याला रात्री दोन वाजता धावून येणारा. मात्र तो गाडी घेऊन धावून येतो, तेव्हा अडलेल्याच्या अडचणीत भरच पडते. त्याचे दोष मोजके पण ठाम आहेत. वळण घेऊन झालं की मग तो इंडिकेटर देतो. गल्लीत दोन गाड्यांच्या मधे जागा दिसली की नाक आधी खुपसतो, आणि शेपूट रस्त्यात ठेवून, लॉक करून, चावी बोटावर फिरवत वर येतो.

बापूला व्याख्यानं कमी मिळाली नाहीत. त्याचे काका एसटीतून निवृत्त झालेले, घाटातली चाकरी केलेले. त्यांनी त्याला बसवून समजावलं, की गाडी कुठं उभी केली यावरून माणसाचे संस्कार कळतात. बायकोने समजावलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने तर लेखी समजावलं. प्रत्येक वेळी बापूकडे उत्तर तयार. गल्लीच अरुंद आहे. मागच्याने गाडी वाकडी लावली होती. दोन मिनिटांचंच काम होतं. ऐकताना लक्षात येतं, की हा माणूस गाडीबद्दल बोलतच नाहीये, तो स्वतःचा वकील झालाय. समोरच्याने आरोपपत्र वाचलं की आपण बचाव मांडणार, हे ओघानेच आलं. जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली यावर अख्खा सिद्धान्त मांडला: आपल्या निवडीवर कुणी हात ठेवतोय असं वाटलं, की माणूस तीच निवड आणखी घट्ट धरतो. काकांना ब्रेम माहीत नव्हता. बापू मात्र त्याचं जिवंत प्रात्यक्षिक होता.

मग एका संध्याकाळी आमच्यातल्या एकाच्या घरी सगळे जमलो होतो. खाली घंटागाडी अडकली आणि तिची धून थांबेचना. यजमान गॅलरीतून वाकून बघत म्हणाला, "बाप्या, तुझी गाडी पार्किंगच्या आत आहे का बाहेर?"

"आत आहे की."

"पूर्ण?"

"म्हणजे... तशी आतच. थोडी बाहेर."

"ना आत, ना बाहेर. वेळ तिन्हीसांजेची." यजमानाने हात जोडले. "नृसिंहावतार झालाय रे खाली. हिरण्यकश्यपूला पाठवा कुणीतरी."

सगळे हसले, आणि सगळ्यात आधी बापू हसला. "आलोच, खांबातून बाहेर काढतो," म्हणत तो स्वतःच खाली पळाला. त्या दिवसापासून त्या प्रकारच्या पार्किंगला आमच्यात नृसिंह म्हणतात. बापूचा असो की आणखी कुणाचा. पुढे एकाने लग्नाच्या हॉलबाहेर तशीच गाडी लावली, तेव्हा बापूच मोठ्या अधिकाराने म्हणाला, "नृसिंह झालाय तुझा, परत घे."

हा विनोद काकांच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त काम करून गेला, आणि तो नुसता गमतीदार होता म्हणून नाही. त्यात निदान होतं. काकांच्या बोलण्यात संस्कार होते, समाज होता, आजकालची पिढी होती. गाडीचा मागचा भाग रस्त्यात राहतो, एवढी एकच गोष्ट नव्हती. यजमानाच्या थट्टेत तेवढीच गोष्ट होती. चांगल्या चेष्टेची माझी कसोटी हीच आहे: ती ऐकून समोरच्याला नेमकं काय बदलायचं ते कळतं का? इंडिकेटरच्या बाबतीत हेच झालं. "बापूचा इंडिकेटर म्हणजे मृत्युपत्र, सगळं उरकल्यावरच वाचायचं," असं कुणीतरी म्हणालं. त्या वाक्यात दोष काय आहे, कधी होतो आणि तो कसा सुधारायचा, सगळं आलं. आता वळणाच्या बरंच आधी बापूचा हात दांडीवर जातो आणि तो स्वतःच पुटपुटतो, "हयात असताना जाहीर करतोय."

दुसरं म्हणजे थट्टा गाडीची झाली, माणसाची नाही. अवतार गाडीने घेतला होता. बापूला हसणाऱ्यांच्या रांगेत जागा शिल्लक होती आणि तो तिथे जाऊन बसला. व्याख्यानात अशी जागा नसते. तिथे एक उभा आणि एक बसलेला, एवढ्या दोनच खुर्च्या असतात.

याच कसोटीवर "बायकांना गाडी चालवता येत नाही" हा आपल्याकडचा सदाबहार विनोद सपशेल नापास होतो. त्यात कुठलाही दोष दाखवलेला नाही, त्यामुळे सुधारण्यासारखंही काही नाही. अख्ख्या जमातीवर मारलेला शिक्का फक्त आहे. (बापूची बायको त्याच गल्लीत तीच गाडी एका झटक्यात रिव्हर्समध्ये लावते. बापूने सांगितलेला हा विनोद तिच्यासमोर जेमतेम एकदाच झाला.)

आता नृसिंह होतो कसा, ते जरा नीट बघू, कारण यात बापूचा उद्धटपणा नव्हता. त्याला एक साधी यांत्रिक गोष्ट माहीत नव्हती. गाडीची पुढची चाकं वळतात, मागची वळत नाहीत. नाक आधी घातलं की पुढची चाकं फुटपाथला जाऊन टेकतात, आणि मागची चाकं नुसती फरफटत त्यांच्यामागे येतात. त्यांना बाजूला सरकवायचा काही मार्गच नसतो. मागचा भाग आत ओढायला पुढे बरीच लांब जागा लागते, आणि पुढे तर दुसरी गाडी उभी असते. चार मीटरच्या आतली छोटी गाडी अशी नाकाने लावायची तर जवळजवळ दोन गाड्यांची मोकळी जागा हवी. उलट, मागे घेत लावली तर वळणारी चाकं शेवटी येतात. शेपूट आधी कोपऱ्यात बसतं आणि मग नाक हवं तसं आत फिरवता येतं. तेव्हा गाडीच्या लांबीपेक्षा मीटर-दीड मीटर जास्त जागा पुरते.

हे काकांना घाटातल्या वर्षांनी ठाऊक होतं, पण त्यांनी सांगितलं नाही, कारण बापूने विचारलं नाही. आणि बापू विचारणार कसा? संस्कारांचा खटला चालू असताना "मला रिव्हर्स जमत नाही" असं म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. नृसिंह झाल्यावर मात्र एक दिवस त्याने चहा पिता पिता विचारलं, "तो नृसिंह आत कसा घ्यायचा रे?" थट्टेचं खरं फळ मला हे वाटतं. दोषाला एक गमतीदार नाव मिळालं की तो माणसापासून सुटा होतो, आणि सुट्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायला लाज वाटत नाही.

मग रविवारी सकाळी, गल्ली रिकामी असताना, दोन मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या रस्त्याच्या कडेला ठेवून शिकवणी झाली. पुढची खुर्ची म्हणजे पुढच्या गाडीची मागची उजवी कड, मागची म्हणजे मागच्या गाडीचं नाक. आधी गाडी पुढच्या गाडीच्या शेजारी, दोन-तीन फूट अंतर ठेवून समांतर उभी करायची, दोन्हींचे मागचे बंपर एका रेषेत. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि क्लचवर हळूहळू मागे. गाडी तिरकी होत जाते. उजव्या आरशात मागची अख्खी गाडी समोरून दिसायला लागली, की साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन झाला समजायचं. तिथे थांबून स्टिअरिंग सरळ करायचं आणि तसंच मागे जायचं. आपल्या नाकाचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कडेतून सुटतोय असं दिसलं, की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, आणि नाक आत.

बापूने पहिल्याच फेरीत पुढची खुर्ची पाडली. म्हणजे त्याने उजवीकडे वळवायची घाई केली, नाक अजून सुटलं नव्हतं. पुढच्या फेरीत मागचं डावं चाक फुटपाथवर चढलं. म्हणजे आता उजवीकडे वळवायला उशीर झाला. नंतर एकदा गाडी अगदी सरळ बसली, पण फुटपाथपासून हातभर लांब. डावीकडचं वळण अपुरं घेतलं होतं. चूक बघून कारण ओळखता येतं, एवढं कळलं की या कामात फारसं गूढ उरत नाही. प्रत्येक चुकीला अर्थातच वरून पंचांची टिप्पणी चालू होती. खुर्ची पडली तेव्हा "प्रल्हाद जखमी" अशी आरोळी आली. काकाही गॅलरीत येऊन उभे होते. शेवटी न राहवून ते खाली आले आणि अवघ्या दोन वाक्यांत त्याला क्लच कसा धरायचा ते सांगून गेले. तेच काका, तोच बापू. फक्त या वेळी ऐकणारा हसऱ्या तोंडाने उभा होता आणि प्रश्न त्याचा होता.

इथे कुणी म्हणेल, पुण्यात विनोदाने शिकवायची परंपरा जुनीच आहे, पाट्या वाचा. पाट्यांवर माझा जीव आहे, पण पार्किंगच्या बाबतीत त्या विनोद नसून व्याख्यानाला घातलेला विनोदाचा सदरा आहेत. "गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल, भरून दिली जाणार नाही" या धाटणीची पाटी वाचून वाटसरू हसतो, फोटो काढतो. ज्याने गाडी लावायची तो फक्त शेजारच्या, पाटी नसलेल्या गेटसमोर लावतो. पाटी एकाच दिशेने बोलते. लिहिणारा आत, बंद दाराआड. वाचणारा बाहेर, उन्हात. त्याला उलट टपली मारता येत नाही. टोमणा आणि थट्टा यांत फरक एवढाच, की थट्टा करणाऱ्याने स्वतःचीही करून घ्यायची असते. आमच्यात ज्याने मृत्युपत्राचा विनोद केला, त्याला त्याच्या हॉर्नच्या सवयीवरून सगळे "सनई-चौघडा" म्हणतात, आणि बापू त्यात सर्वांत पुढे असतो. वायपरखाली खोचलेल्या निनावी चिठ्ठीला हा परतीचा रस्ता नसतो, म्हणून ती कितीही खुसखुशीत असली तरी वाचणाऱ्याच्या तोंडाला फेसच येतो.

मग अनोळखी माणसाने थट्टेच्या वाटेला जाऊच नये का? जवळजवळ नाहीच, असं माझं मत आहे, पण एक मोठा अपवाद आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटा. अंतानास मोकुस हा गणित आणि तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक तिथे १९९५ साली महापौर झाला. वाहतूक पोलिसांची लाचखोरी कुप्रसिद्ध होती, आणि लोक झेब्रा क्रॉसिंगला रस्त्यावरची नक्षी समजत. मोकुसने चौकांमध्ये मूकनाट्य करणारे कलाकार उभे केले. चेहऱ्याला पांढरा रंग. गाडी झेब्रावर चढली की हा कलाकार तिच्यापुढे हवालदिल होऊन उभा राहायचा, अदृश्य दोरीने तिला मागे ओढायचा प्रयत्न करायचा, बेफिकीर पादचाऱ्याच्या मागून त्याचीच चाल करत चालायचा. त्यांच्या हातात पावतीपुस्तक नव्हतं आणि तोंडात शब्द नव्हता. फूटपाथवरची माणसं हसायची, आणि चालक बहुतेक वेळा गाडी मागे घ्यायचा. मोकुसचं म्हणणं होतं, की त्याच्या शहरातल्या लोकांना दंडापेक्षा हसं होण्याची धास्ती जास्त आहे. त्याने लोकांना कार्डंही वाटली, एका बाजूचा अंगठा वर, दुसऱ्या बाजूचा खाली, म्हणजे शिवी देण्याऐवजी कार्ड दाखवता यावं. पुढच्या वर्षांत बोगोटातले अपघाती मृत्यू बरेच घटले. त्याचं सगळं श्रेय नकलाकारांना देणं बरोबर नाही, कारण सोबत दारू, रस्ते, पोलिस यंत्रणा अशा कितीतरी गोष्टी बदलल्या. मला त्यातलं एवढंच उचलावंसं वाटतं: तो नकलाकार अनोळखी असूनही चालला, कारण त्याच्याकडे अधिकार शून्य होता आणि वेष विदूषकाचा होता. तो आधीच सगळ्यांच्या खाली उभा होता. आपल्याकडचा पाटीवाला मात्र पहिल्या मजल्यावरून बोलतो.

आणखी एक अडचण आहे, ती वेळेची. अमेरिकेत टेक्सास राज्यात महामार्गांवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर यंदा रस्त्यांवर किती लोक मेले तो आकडा दाखवत, महिन्यातला एक आठवडा. दोन संशोधकांनी त्या आठवड्यांची इतर आठवड्यांशी तुलना केली आणि २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापला: फलकापुढच्या दहा किलोमीटरांत अपघात ४.५ टक्क्यांनी वाढत होते. त्यांचा अंदाज असा, की आकडा वाचून माणूस विचारात पडतो आणि लक्ष रस्त्यावरून उडतं. धाक घालणाऱ्या व्याख्यानाचा असा पराभव मला वाचताना गोडच लागला. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर हाच मुद्दा विनोदावरही उलटतो. अशा फलकांवर विनोद आणि सिनेमातले संवाद टाकायची तिकडे टूम होती. केंद्रीय महामार्ग प्रशासनाने २०२३च्या अखेरच्या नियमावलीत तेही टाळायला सांगितलं. चालत्या गाडीत डोकं गुंतवणारं काहीच नको, मग ते रडवणारं असो की हसवणारं. लडाखच्या रस्त्यांवरच्या सीमा सडक संघटनेच्या यमक जुळवलेल्या पाट्या मला मनापासून आवडतात, पण त्या मागच्या सीटवर बसून वाचाव्यात.

म्हणून आमच्यात एक अलिखित नियम झालाय: बापू चालवत असेल तर कुणीही त्याची फिरकी घेत नाही. चिडलेला किंवा हसणारा, दोन्ही चालक वाईटच. इंजिन बंद झालं, हँडब्रेक ओढला, दारं उघडली, की मग काय ते. त्याच्या मुलांसमोर नाही. सासरच्या माणसांसमोर तर मुळीच नाही. तिथे तीच थट्टा पंचनामा होते. आणि जी चूक त्याने सोडली, तिच्यावरचा विनोदही सोडायचा. सुधारलेल्या माणसाला जुन्या नावाने हाक मारत राहणं हा दुष्टपणा आहे. नृसिंह आता बापूसाठी निवृत्त झालाय, दुसऱ्यांसाठी तेवढा जिवंत आहे.

या सगळ्याचा पल्ला मात्र ओळखून असावं. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्रीय रस्ते मंत्रालयाचा आकडा आहे. ती वाकड्या पार्किंगने गेली नाहीत. त्यांत फार मोठा वाटा बेफाम वेगाचा होता. पिऊन चालवणं, सिग्नल तोडणं, उलट दिशेने घुसणं, यांवर विनोद झाला की ती गोष्ट मंडळींत पराक्रम म्हणून मिरवू लागते. "काय रे, काल विमान किती उंचावरून नेलंस?" असं हसत विचारलं, की समोरचा लाजत नाही, तो किस्सा रंगवून सांगायला बसतो. अशा वेळी हसणारा माणूस त्याला शिकवत नसतो, शाबासकी देत असतो. थट्टा जिथे लाजेला स्पर्श करते तिथे ती उपयोगाची. जिथे ती अभिमानाला खाऊ घालते तिथे ती बंद करून सरळ चावी मागावी.

बापूची एक खोड अजून शिल्लक आहे. चालवताना फोन वाजला की तो उचलतो. त्यावर आमच्यातला कुणीही विनोद करत नाही, आणि व्याख्यानही देत नाही. शेजारी बसलेला फोन काढून स्वतःच्या खिशात ठेवतो आणि गाडी कडेला लागेपर्यंत परत देत नाही. बापू चिडतो, मुक्कामापर्यंत बोलत नाही, चहाच्या टपरीवर पैसेही देत नाही. चिडू दे.